पानं नाही म्हणतात, मन हो म्हणतं

आजचा विषय आमच्या गटातच निघाला, म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. त्या पुण्याला राहत होत्या तेव्हा टॅरोची पानं काढायला शिकल्या. पैसे घेत नाहीत. महिन्याची बैठक संपली, चहा झाला की कोणी तरी म्हणतं, वहिनी, एक पान काढा नं. ज्यांनी ही पानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. संचात 78 पानं असतात आणि प्रत्येकावर चित्र असतं. वहिनींकडे आहे तो संच पहिल्यांदा 1909 साली लंडनला छापला गेला आणि त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईंनी काढली. आपल्याकडे जत्रेत पोपट पाकीट ओढायचा, त्यात आणि यात एक फरक आहे. पोपटाच्या पाकिटात वाक्य लिहिलेलं असायचं. इथे नुसतं चित्र असतं, अर्थ बोलून लावावा लागतो. घोळ होतो तो तिथेच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका ताईला पिठाची गिरणी घ्यायची होती. गटातून 50 हजार उचलायचे आणि बाकीच्यासाठी आईने दिलेली पोत गहाण ठेवायची, असं तिने मनात पक्कं केलं होतं. आम्हाला विचारायला ती आलीच नव्हती, फक्त पानांचा होकार हवा होता. वहिनींनी तीन पानं काढली. पहिलं आजच्या स्थितीचं, दुसरं अडथळ्याचं, तिसरं सल्ल्याचं.

पहिल्या पानावर ढगात सात पेले होते. एकात वाडा, एकात दागिने, एकात साप, आणि समोर एक माणूस थक्क होऊन उभा. दुसऱ्यावर आठ तलवारींच्या मधोमध डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई. तिसऱ्यावर एक शेतकरी काठीवर रेलून झाडाला लागलेली नाणी बघत थांबलेला. तिन्ही पानं मिळून एकच ऐकू येत होतं, आत्ता नको.

ताईचा चेहरा उतरला. म्हणाली, "मले तर गिरणीच घ्याची हाय. पुन्हा काढा व वहिनी, हे बरोबर नाही आलं."

आणि आम्ही काय केलं? आम्हीही म्हटलं, काढा हो, तिचं मन मोडू नका. तेव्हा वहिनींनी पानं गोळा करून पिशवीत ठेवली. म्हणाल्या, आज नाही.

आम्हाला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. नाणं तीनदा उडवलं तर आठातल्या सात वेळा एकदा तरी छापा पडतोच. पानांचंही तसंच आहे. मनासारखं येईपर्यंत काढत राहिलं तर ते येणारच, पण त्यातून कळत काहीच नाही. आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात. त्यावर विश्वास ठेवावा का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हरकत घेतातच. पण कपाशीचं मनासारखं निघालं नाही म्हणून कोणी घट पुन्हा मांडा म्हणत नाही.

पुन्हा काढणं एक चूक, तर गोड करून सांगणं दुसरी. ती ओळखायला अवघड, कारण ती प्रेमापोटी होते. पट्टी बांधलेल्या बाईकडे बोट दाखवून "ही पट्टी म्हणजे तुझी देवावरची श्रद्धा" असं सहज म्हणता येतं आणि समोरची खूश होते. वहिनींची यावर एक रीत आहे. पान उलटलं की विचारणारीच्या तोंडाकडे न बघता त्या आधी त्याचा नेहमीचा अर्थ दोन वाक्यांत सांगून टाकतात. मग स्वतःला विचारतात, हेच पान शेजारच्या गावच्या अनोळखी बाईला निघालं असतं तर मी काय म्हटलं असतं? उत्तर वेगळं आलं, तर समजायचं आपण वाकवतोय.

पण नेहमीचा अर्थ सांगून उठून जाणंही बरं नाही. समोरची "नाही" एवढंच घेऊन घरी जाते. वहिनींनी ताईला बसवलं आणि विचारलं, या तीन चित्रांत तुला "नाही" कुठे दिसलं? ताई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, पट्टीवाल्या बाईत. वहिनी म्हणाल्या, तिचे पाय बघ. पाय मोकळे आहेत. दिसत नाही एवढंच. तुला गिरणीतलं काय दिसत नाही?

इथे गोष्ट बदलली. ताई म्हणाली, "लाइटचं मले काहीच माहीत नाही. ते भाऊ पाहीन म्हणे." म्हणजे भीती तिच्या पोटात आधीपासून होती, हट्टाखाली दाबलेली. मग आम्ही पानं सोडून वहीवर आलो आणि तीन प्रश्न लिहिले. मोठ्या गिरणीला थ्री फेज लागतं, घरच्या मीटरवर ते आहे का? गावात आधीच दोन गिरण्या आहेत, तर आपल्याकडे कोणती घरं येतील? दळण कमी झालं त्या महिन्यात हप्ता कशातून?

हे नीट ऐका. पानांना थ्री फेज माहीत नव्हतं. चित्रं तीच असती आणि घरी थ्री फेज असतं, तरी चाललं असतं. पानांमुळे ताई थांबली आणि तिने स्वतःच्या भीतीचं नाव घेतलं, पानांचं काम एवढंच. पुढचं काम वायरमनचं आणि वहीचं.

उलटंही घडलेलं आहे. एका मुलीला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. कोणाकडे तरी पान काढलं, थांबायचं निघालं, आणि आई अडून बसली. फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर होती. तिथे आम्ही स्पष्ट सांगितलं की काकू, फॉर्म भरा. थांबल्याने काय जातं, ते आधी बघायचं. ताईची गिरणी दोन महिन्यांनीही दुकानात मिळणार होती, मुलीचं वर्ष मिळणार नव्हतं. फॉर्म भरून नंतर नाही म्हणता येतं, तारीख गेल्यावर हो म्हणता येत नाही. पोत गहाण ठेवण्याचं याच्या उलट आहे, ठेवायला एक दिवस आणि सोडवायला वर्षं.

काही प्रश्नांना मात्र वहिनी पानांना हातच लावत नाहीत. आजार, हरवलेलं माणूस, कोर्टाची तारीख, पोटातलं बाळ. तिथे डॉक्टर, पोलीस, वकील. आणि नको ते पान निघाल्यावर कोणी "एवढे द्या, उतारा करतो" म्हणालं, तर चप्पल घालायची आणि निघायचं. पान वाईट काढण्यातच त्याचा धंदा असतो.

ताईचं विचाराल तर घरचं मीटर सिंगल फेजचंच निघालं. थ्री फेजसाठी अर्ज, अनामत आणि पोलपासून केबल, असा खर्च वायरमनने सांगितला. तो तिच्या हिशोबात नव्हताच. ती थोडी रडली, आम्हाला बोललीही. मग तिने घरच्या मीटरवर चालणारी लहान चक्की बघितली. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायांना डोक्यावर दळण घेऊन खाली उतरावं लागतं, त्यांची घरं तिने स्वतः फिरून मोजली. ती सव्वीस भरली. गटातून 50 ऐवजी 20 हजार मागितले आहेत, पुढच्या बैठकीत ठराव आहे. पोत तिच्या गळ्यात आहे.