एकतीस मेनंतरचा पगार

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर परदेशी माणूस चक्रावून जाईल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी हीच तारीख सोयीची मानली आणि त्या एका शाईच्या रेघेपायी हजारो माणसं ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात. शिक्षक, तलाठी, कारकून यांच्यापैकी जुन्या योजनेत असलेल्यांना दरमहा निवृत्तिवेतन असतं. अडचण होते ती खासगी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्याची. पस्तीस वर्षं ज्याने महिन्याच्या एक तारखेला पगार घेतला, त्याच्या हाती भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून एकच मोठा आकडा येतो. त्या आकड्याचे पुन्हा बारा पगार करायचे असतात.

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातले फोरमन घेऊ. उदाहरण बेतलेलं आहे, सोयीसाठी त्यांना जाधवकाका म्हणू. वय ६०, हातात ६० लाख. भविष्य निर्वाह निधी संघटनेचं निवृत्तिवेतन दरमहा ५,००० रुपये. घर स्वतःचं. दोघांचा औषधांसकट खर्च ३०,०००.

पहिले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातात. एप्रिल २०२३ पासून एका व्यक्तीसाठी हीच कमाल मर्यादा आहे. त्याआधी ती १५ लाख होती. तेव्हापासून नव्या खात्यांना दर ८.२ टक्के मिळतो आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवत असलं, तरी खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. वर्षाचे २,४६,००० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००.

पण हे पैसे महिन्याला येत नाहीत, आणि पुष्कळांचा हिशेब इथेच पहिल्यांदा चुकतो. व्याज जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कामाच्या दिवशीच मिळतं. तेही अख्ख्या तिमाहीचं पहिल्या खेपेला नाही. जाधवकाकांनी १० जूनला खातं उघडलं, तर जुलैच्या सुरुवातीला २१ दिवसांचे जेमतेम १४,००० रुपये हाती पडतील. पूर्ण ६१,५०० यायला ऑक्टोबर उजाडेल. मधले महिने ढकलायला बचत खात्यात एक-दीड लाख वेगळे ठेवावे लागतात. वेगवेगळ्या महिन्यांत खाती उघडून ही अडचण सुटत नाही, कारण व्याजाच्या तारखा सगळ्यांना सारख्याच. टपाल कार्यालयात जमा झालेलं व्याज उचललं नाही, तर त्या पडून राहिलेल्या रकमेवर वेगळं व्याजही मिळत नाही. म्हणून ते थेट बचत खात्यात वळतं करून घ्यायचं आणि घरात त्याचे तीन भाग पाडायचे. हे काम बहुतेक घरांत काकू जास्त चोख करतात.

तीस लाखांचं एकच खातं मात्र उघडू नये. या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचं तर पूर्ण खातं मोडावं लागतं. पहिल्या वर्षात मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं करून घेतात. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. १५, १० आणि ५ लाखांची तीन खाती असली, तर चौदाव्या महिन्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी फक्त पाच लाखांचं खातं मोडता येतं. दंड ७,५०० रुपये. तीस लाखांच्या एका खात्यावर तोच दंड ४५,००० झाला असता.

टपालाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख. दर ७.४ टक्के, दरमहा ५,५५०. इथे पैसे खरोखरच महिन्याला येतात. संयुक्त खात्याला १५ लाखांपर्यंत मुभा आहे, पण जाधवकाकांना तितकी गरज नाही: २०,५००, ५,५५० आणि ५,००० मिळून ३१,०५० होतात. खर्च भागला. उरले २१ लाख. त्यातले ६ लाख आजारपण आणि सुरुवातीच्या तुटीसाठी, लगेच हाताशी येतील असे बचत खात्यात आणि छोट्या ठेवींत.

शेवटचे १५ लाख मात्र एका ठेवीत गुंतवायचे नाहीत. त्यांची शिडी करायची: तीन-तीन लाखांच्या पाच ठेवी, एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षं मुदतीच्या. पहिली संपली की ती पाच वर्षांसाठी ठेवायची, पुढच्या वर्षी दुसरी. पाच वर्षांनी सगळ्या ठेवी पाच वर्षांच्या होतात आणि तरी दरवर्षी एक मोकळी होते.

एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर रेपो दरात आहे. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ८ टक्के होता, मे २०२० मध्ये ४ टक्के. ठेवींचे दर त्याच्या मागोमाग उतरतात. सगळी पुंजी एकाच दिवशी ठेवणाऱ्याची सगळी पुंजी एकाच दिवशी मुदत गाठते, आणि तो दिवस २०२० च्या उन्हाळ्यातला निघाला तर पुढची पाच वर्षं पडेल दरावर काढावी लागतात. शिडीवाल्याचा त्या वर्षी एकच भाग सापडतो. दर घसरतच राहिले तर शिडीही हळूहळू खाली येते. ती दणका पसरवते, रद्द करत नाही.

या ठेवींचं व्याज दरमहा घ्यायचं नाही, मुद्दलात मिसळू द्यायचं. साडेसहा टक्के सरासरी धरली तर पाच वर्षांत पंधराचे साडेवीस लाखांच्या आसपास होतात. बचत योजनेचा साडेएकसष्ट हजारांचा हप्ता पाच वर्षं तेवढाच राहणार आणि गॅस, भाजी, डॉक्टरची फी वाढणार. तो फरक भरून काढायला हीच रक्कम आहे.

शिडी मोडते ती बहुधा अर्जावरच्या एका चौकटीत. ‘आपोआप नूतनीकरण’ यावर खूण असली, की एक वर्षाची ठेव पुन्हा एकाच वर्षासाठी, त्या दिवशीच्या दराने लागते. तीन वर्षं लक्ष दिलं नाही तर शिडीच्या खालच्या पायऱ्या तिथेच रुतून बसतात.

अर्ध्या-एक टक्क्याच्या मोहापायी सहकारी बँकेत जाणाऱ्यांनी सप्टेंबर २०१९ आठवावा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. ठेव विमा तेव्हा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा आणि सगळ्या ठेवी मिळून, शिवाय व्याजासकट आहे. त्यामुळे बरोबर पाच लाखांची ठेव पहिल्याच दिवशी काठावर असते. तीन लाखांच्या दोन पायऱ्या एकाच सहकारी बँकेत ठेवल्या, तर एक लाख विम्याबाहेर. टपालाच्या योजनांना हा प्रश्न नाही. तिथे थेट केंद्र सरकारची हमी आहे.

कराचं थोडक्यात. हे सारं व्याज करपात्र आहे. जाधवकाकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार-पावणेपाच लाखांच्या घरात राहतं. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण ज्येष्ठांना वर्षाला एक लाखावर व्याज मिळालं की कपात होते, आणि बचत योजनेचं व्याज एकटंच तो आकडा ओलांडतं. कर लागत नसल्याचं स्वयंघोषणापत्र दर आर्थिक वर्षाला नव्याने, जिथे जिथे ठेव आहे तिथे द्यावं लागतं. जाधवकाकांनी ते १० जूनलाच, खातं उघडताना दिलं, तर जुलैचे पहिले चौदा हजार पूर्ण येतील. पुढच्या वर्षी मात्र एप्रिलमध्येच त्यांना पुन्हा खिडकीशी उभं राहावं लागेल.