मध्येच सोडलेला क्लास आणि भरलेली फी

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या तालुका मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खासगी शिकवणी वर्गाची पावती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. तिच्या मागच्या बाजूस, बारीक टाइपात, एक वाक्य छापलेले असते : ‘एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत केले जाणार नाही.’ पालक हे वाक्य वाचतो, खाली आपलीच सही पाहतो आणि तोंडाशी आलेली तक्रार गिळून घरी जातो. सही केली म्हणजे संपले, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, एवढाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

उदाहरणादाखल एक प्रकरण आपण समोर ठेवू. एका शेतकरी गृहस्थाने आपल्या मुलीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी क्लासला घातले. मुदत जून २०२५ ते जानेवारी २०२७, म्हणजे वीस महिने. फी कर धरून १,२०,००० रुपये, आणि ती सर्व पहिल्याच दिवशी भरून घेतली. पाच महिने मुलगी क्लासला गेली. तो अभ्यास तिला झेपेना, मन लागेना. दिवाळीला ती घरी आली ती परत गेलीच नाही. वडिलांनी उरलेल्या फीची मागणी केली, तेव्हा व्यवस्थापकाने पावती उलटी करून ते वाक्य दाखविले. मी मुद्दाम असे प्रकरण घेतले आहे की ज्यात क्लासचा उघड दोष काही नाही. शिक्षक येत नव्हते, वर्ग बंद पडला, जाहिरातीत सांगितले ते दिलेच नाही, अशा प्रकरणांत पालकाची बाजू आपोआपच बळकट असते. खरी कसोटी लागते ती आपण होऊन सोडून जाणाऱ्याच्या बाबतीत.

प्रथम कराराचा कायदा पाहू. फी भरून प्रवेश घेणे हा करारच होय. मुलगी सज्ञान नसल्याने कायद्याच्या दृष्टीने तो वडिलांनी केलेला करार आहे, म्हणून पुढील सर्व पत्रव्यवहार वडिलांच्या नावाने व्हावा हे बरे. करार मध्येच सोडला तो वडिलांच्या बाजूने, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु करार मोडणाऱ्याला काय भोगावे लागते? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे ७३ वे कलम सांगते की करारभंगामुळे समोरच्याचे जे नुकसान साहजिकपणे झाले त्याची भरपाई द्यावी. ७४ वे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. करारात दंडाची रक्कम आधीच लिहून ठेवलेली असली, तरी ती सर्वच्या सर्व मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही केवळ तिची कमाल मर्यादा.

आता कोणी म्हणेल, येथे दंड कोठे लिहिला आहे? येथे तर भरलेले पैसे ठेवून घेतले आहेत. या शंकेचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद यांच्या खटल्यात दिले. आधीच भरलेली रक्कम जप्त करण्याचे कलमही दंडाचेच कलम होय आणि त्यालाही ७४ वे कलम लागू होते, असे न्यायालयाने ठरविले. त्या व्यवहारात खरेदीदाराने २५,००० रुपये भरले होते. त्यांपैकी १,००० रुपये इसाऱ्याचे होते, तेवढे विक्रेत्याला ठेवता आले. उरलेले २४,००० रुपये नुकसान सिद्ध झाल्यावाचून जप्त करता आले नाहीत.

पुढे १९६९ साली मौला बक्ष यांचा खटला झाला. तो आपल्यासारख्यांना चटकन समजण्याजोगा आहे, कारण तो बटाट्यांचा आहे. लष्कराला बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचा त्यांचा ठेका होता. पुरवठा नीट न झाल्याने ठेका रद्द करून सरकारने दोन्ही अनामत रकमा, १०,००० आणि ८,५०० रुपये, जप्त केल्या. न्यायालयाने विचारले, तुमचे नुकसान किती झाले? माल दुसरीकडून कोणत्या भावाने घ्यावा लागला, हे सरकारला दाखविता आले असते. ते दाखविलेच नाही. तेव्हा नुकसान मोजता येण्याजोगे असेल तर ते सिद्ध करावे लागते, नुसत्या कलमावर पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. जो नियम प्रत्यक्ष सरकारला लावला गेला, तो क्लासवाल्याला लागू होणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

क्लासचे म्हणणे अगदीच पोकळ असते असे मात्र नाही. एक जागा अडली, दुसरा विद्यार्थी घेता आला नाही, शिक्षकांचे पगार तर द्यावेच लागतात, असे ते सांगतात. ते खरे असू शकते. पण मग दाखवावे लागेल. तुकडीत जागा किती होत्या? जागा नाही म्हणून कोणाला परत पाठविले काय? मुलगी गेल्यानंतर नवे प्रवेश दिले काय? ज्या तुकडीत दीडशे मुले बसतात आणि डिसेंबरातही प्रवेश चालू असतात, तेथे एक जागा रिकामी राहिल्याचे दुःख सांगणे कठीण जाते.

येथवर कराराचा कायदा झाला. परंतु दिवाणी दावा लावून ऐंशी हजारांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालणे कोणाला परवडते? म्हणून ग्राहक संरक्षणाचा कायदा कामी येतो. सध्याचा कायदा २०१९ सालचा असून तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. शिक्षण ही ‘सेवा’ आहे काय, हा वाद जुना आहे. शाळा-महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याबाबत राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये, मनु सोळंकी प्रकरणात, ती ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. मात्र त्याच निर्णयात स्पष्ट सांगितले की शिकवणी वर्ग म्हणजे शिक्षणसंस्था नव्हेत, त्यांच्या सेवेतील त्रुटी व अनुचित प्रथा यांची दखल ग्राहक आयोग घेऊ शकतात. शिक्षकबंधूंनी हा फरक ध्यानी ठेवावा. महाविद्यालयाच्या फीचा प्रश्न घेऊन पालक आला, तर त्याला या वाटेने पाठवू नये.

सबंध मुदतीची फी एकदम घेण्याबाबतही बोलले पाहिजे. २००३ साली इस्लामिक अकॅडमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की शिक्षणसंस्थेने एका वेळी एका सत्राची वा एका वर्षाचीच फी घ्यावी. ते म्हणणे व्यावसायिक महाविद्यालयांविषयी होते. तरी ग्राहक आयोगांनी शिकवणी वर्गांच्या प्रकरणांतही त्याचा आधार घेतलेला आहे. शिवाय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच सोडून गेला, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी दहा दिवसांच्या आत परत करावी आणि वसतिगृह व खानावळीचे पैसेही त्याच हिशेबाने द्यावेत, असे त्यांत आहे. या सूचना राज्यांना उद्देशून आहेत. त्या स्वतः कायदा नव्हेत. वाजवी काय, हे दाखविण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग होतो.

आता आपल्या प्रकरणाचा हिशेब करू. पुस्तके व चाचणी-संच मुलीने घरी नेले. त्यांची किंमत ९,००० रुपये धरू. ती वजा जाता १,११,००० रुपये राहिले. वीस महिन्यांना भागले की महिन्याला ५,५५० रुपये, पाच महिन्यांचे २७,७५० रुपये. पुस्तकांसह क्लासचे झाले ३६,७५० रुपये. परत मागावयाचे ८३,२५० रुपये. पुष्कळ पालक रागाच्या भरात सर्व फी, वर मनस्तापाचे दोन लाख असे मागतात. त्याने प्रकरण दुबळे होते. पाच महिने शिकविलेल्याचे पैसे क्लासचेच आहेत.

या हिशेबात पाच हा आकडा कोठून आला, इकडे लक्ष द्या. मुलगी घरी आली ऑक्टोबरात. पण वडिलांनी क्लासला लेखी कळविले केव्हा? तोंडी सांगून मार्चमध्ये पत्र दिले असेल, तर क्लास म्हणेल की मार्चपर्यंत जागा राखून ठेवली होती. म्हणून सोडण्याच्या आठवड्यातच पत्र द्यावे, प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, ती देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावे. पत्रात सोडल्याची तारीख, भरलेली रक्कम, वरील हिशेब आणि पैसे देण्यास पंधरा दिवसांची मुदत, इतकेच असावे.

उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असेही नाही. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे ‘सर्व वाद कोटा येथील न्यायालयातच’ असे पावतीवर छापलेले असले, तरी आपल्या गावाहून कोट्यास जाण्याची गरज नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. क्लासशी गोडीगुलाबीने बोलत राहण्यात ती निघून जाते, असे पुष्कळदा घडते.

तक्रारीच्या शब्दांत एक खोच आहे. ‘अनुचित करार’ ही २०१९ च्या कायद्यातील नवी संकल्पना, आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारी अट तिच्यात मोडते. परंतु अशा कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. ‘पावतीवरील अट अनुचित करार म्हणून रद्द ठरवावी’ अशी मागणी जिल्ह्यात केली, तर तेवढ्यावरच अडवणूक होऊ शकते. तेव्हा मागणी अशी असावी की न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा व सेवेतील त्रुटी होय, सबब ८३,२५० रुपये व्याजासह परत मिळावेत.

निकाल हमखास बाजूनेच लागतो असे मी सांगणार नाही. आपण होऊन सोडणाऱ्याच्या बाबतीत सर्व आयोगांचे निर्णय एकसारखे नाहीत. मुदतीचा बहुतेक भाग संपल्यावर सोडले, किंवा सवलतीची फी घेऊन त्याबदली काही अट पालकाने समजून स्वीकारली, तर मिळणारी रक्कम कमी होते, प्रसंगी काहीच मिळत नाही.

शेवटी कर्जाविषयी. हल्ली पुष्कळ क्लास फीसाठी हप्त्यांची सोय करून देतात, आणि पालकाला वाटते की हप्ते क्लासलाच जातात. प्रत्यक्षात फी एखाद्या वित्तीय कंपनीने एकदम भरलेली असते आणि पालकाने त्या कंपनीशी वेगळा कर्जकरार केलेला असतो. क्लास सोडला म्हणून हप्ते थांबविले, तर कंपनी थकबाकीची नोंद करते आणि पुढे बँकेचे कर्ज मागताना ती नोंद आडवी येते. अशा पालकाने हप्ते चालू ठेवावेत, सोडल्याच्या पत्राची एक प्रत त्या कंपनीलाही पाठवावी, आणि तक्रारीत क्लासबरोबर तिलाही सामनेवाला करून उरलेले कर्ज क्लासने फेडावे अशी मागणी जोडावी.