तालीम आणि पडदा : हाँगकाँगच्या युद्धपटांची ओळख



आपल्या मराठीत 'तालीम' हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. पहिलवान जेथे माती अंगाला लावतो ती तालीम, आणि नाटक मंडळी प्रयोगाआधी जी करतात तीही तालीम. एकीत प्रतिस्पर्ध्याला खरोखर चीत करायचे असते; दुसरीत सगळे आधी ठरवून प्रेक्षकाला ते आत्ताच घडते आहे असे भासवायचे असते. आजच्या आमच्या विषयाला, म्हणजे हाँगकाँगमध्ये निर्माण झालेल्या युद्धकलेच्या चित्रपटांना, याहून नेमके दार आम्हांला सुचत नाही. कारण या चित्रपटांतील हाणामारीची रचना या दोन तालमींतूनच जन्मली. ज्याने हे चित्रपट कधी पाहिले नाहीत, किंवा दोन-चार पाहून 'नुसती मारामारी' म्हणून सोडून दिले, त्याने सुरुवात कोठून करावी हे सांगणे हा आमचा हेतू आहे.

पहिली तालीम रंगभूमीची. पेकिंगच्या संगीत नाटकात युद्धाचे प्रवेश हे एक स्वतंत्र अंग असते. पात्रे कोलांट्या घेतात, भाले झेलतात, तलवारी फिरवतात, आणि हे सर्व ढोल व झांजांच्या ठेक्यावर चालते. ठेका टिपेला पोचला की नट एकाएकी थांबतो आणि क्षणभर मूर्तीसारखा उभा राहतो. या थांबण्याला चिनी भाषेत 'लियांग-शियांग' म्हणतात. प्रेक्षकाची दाद त्या स्थिर क्षणाला मिळते. हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन यांच्या शाळेत ही विद्या लहान मुलांना शिकवीत असत. मुले तेथेच राहत, वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेली असत, आणि शिक्षा कडक असे. जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन बियाओ हे तिघेही त्या शाळेचे विद्यार्थी. पण ही मुले तयार होऊन बाहेर पडली तेव्हा त्यांच्या नाटकांचा प्रेक्षक ओसरला होता. बाळपण देऊन मिळवलेल्या विद्येला गिऱ्हाईक उरले नव्हते. ते मिळाले चित्रपटाच्या चित्रीकरणगृहात, तेही प्रथम पडण्या-आपटण्याची कामे करणारे मजूर म्हणून. अशा माणसांना तेथे 'लुंग-फू-मो-सी', म्हणजे ड्रॅगन आणि वाघाचे युद्धगुरू, असे भारदस्त नाव होते. मोबदला मात्र त्या नावाइतका भारदस्त नव्हता.

दुसरी तालीम आखाड्याची. दक्षिण चीनमधील कँटन प्रांतात वाँग फेई-हुंग नावाचे वैद्य आणि मल्लविद्येचे आचार्य होऊन गेले. त्यांचे शिष्य लाम साई-विंग, त्यांचे शिष्य लाऊ चाम, आणि लाऊ चाम यांचे पुत्र लाऊ कार-लेउंग. ही परंपरा 'हुंग' पद्धतीची. तिच्यात पाय रुंद रोवून कंबर खाली ठेवायची, आणि हातांनी आघात अडवून त्यातूनच प्रत्याघात काढायचा. उड्या-कोलांट्यांना तिच्यात फारसे स्थान नाही. १९४९ पासून वाँग फेई-हुंग यांच्यावर चित्रपट निघू लागले. क्वान ताक-हिंग या नटाने ती भूमिका सत्तरांहून अधिक चित्रपटांत केली. लाऊ चाम त्या चित्रपटांत काम करीत आणि त्यांचा मुलगाही तेथेच शिकला. गुरूचा डाव शिष्यापर्यंत पोचवायला पूर्वी आखाडा होता. आता पडदाही झाला.

या दोन तालमींचे संस्कार पडद्यावर निरनिराळे दिसतात. रंगभूमीकडून आलेला रचनाकार लय आणि झेप पाहतो. किंग हू या दिग्दर्शकाच्या 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) या चित्रपटाची युद्धरचना हान यिंग-जिए यांची. ते नाटकातले. नायिका चेंग पेई-पेई नृत्य शिकलेली. खानावळीत ती एकटी बसली आहे, भोवती दरोडेखोर, आणि किती तरी वेळ कोणीच हात उचलत नाही. मग एका क्षणात हालचाल होते, आणि पुन्हा शांतता. ढोलाचा ठेका ऐकू आला नाही तरी तो तेथे आहे, हे लक्ष देणाऱ्याला कळते. आखाड्याकडून आलेला रचनाकार मात्र डाव पाहतो : हा हात का उचलला, त्याला उत्तर कोणते, त्या उत्तरातून पुढचा डाव कसा निघाला. लाऊ कार-लेउंग हे त्या पंथाचे अग्रणी.

म्हणून नवख्याने पहिला चित्रपट त्यांचाच पाहावा, असे आम्ही सुचवतो. 'शाओलिनचे छत्तिसावे दालन' (१९७८) हा तो चित्रपट. दिग्दर्शन आणि युद्धरचना दोन्ही लाऊ यांची, आणि नायक त्यांचाच मानलेला भाऊ गॉर्डन लिऊ. कथा सरळ आहे. मांचू राजवटीच्या जुलमातून निसटलेला एक तरुण शाओलिनच्या मठात आश्रय घेतो आणि तेथील पस्तीस दालनांतून युद्धविद्या शिकतो. पहिल्यानेच तो सर्वांत वरच्या दालनात जाऊ मागतो, आणि तेथून फेकला जातो. मग मुकाट्याने तळापासून आरंभ करतो.

या चित्रपटाची खुबी अशी, की नायकाबरोबर प्रेक्षकही शिकतो. भोजनगृहाकडे जाताना पाणी लागते आणि त्यात ओंडके तरंगत असतात. जड पाय टाकला की माणूस बुडतो. हलका, झपाट्याने टाकला की पार होतो. एका दालनात हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडांना बांधलेली पाती अशी की हात खाली आला की ती कुशीत रुतावीत. दुसऱ्यात लांब बांबूच्या टोकाला जड वजन, आणि मनगटाच्या बळावर त्याने घंटेवर ठोके द्यायचे, तेही एक भिक्षू ताल देईल त्या तालात. आणखी एकात मान न हलवता केवळ डोळ्यांनी हलत्या ज्योतीचा माग घ्यायचा. हे पाहताना वाटते, हा छळ कशासाठी? पुढे खरी लढत येते, तेव्हा तोच न हलणारा खांदा, तेच मनगट, तोच हलका पाय आपल्याला ओळखू येतो. अक्षरे आधी शिकवली, वाक्य नंतर दिले. मठातलाच एक अधिकारी दोन आखूड रुंद तलवारी घेऊन त्याची परीक्षा घेतो. नायक हरतो. मग बांबूच्या बनात त्याला तीन तुकड्यांचा, साखळीने जोडलेला दंड सुचतो, आणि तो जिंकतो. दोन तलवारींत हात अडकत होता, म्हणून लांबून वाकणारे शस्त्र हवे, हे उत्तर भाषणातून येत नाही. ते लढतीतूनच उलगडते.

आता हे रचतात कसे, तेही थोडे पाहू. हाँगकाँगच्या पद्धतीत लढतीची वेळ आली की दिग्दर्शक पुष्कळदा बाजूला होतो आणि कॅमेरा कोठे ठेवायचा हे युद्धरचनाकारच ठरवतो. सबंध लढत चारी बाजूंनी टिपून मग संकलकाच्या हाती देण्याची तेथे रीत नव्हती. चार-सहा घाव बसवायचे, त्यांना योग्य अशा एकाच कोनातून चित्रण करायचे, आणि मग पुढचे चार-सहा. त्यामुळे प्रत्येक तुकड्यात माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि घाव कोठून निघून कोठे लागला ते समजते. वेग वाढवायचा असेल तर सेकंदाला २४ चौकटींऐवजी किंचित कमी, २२ वा २० टिपायच्या, म्हणजे पडद्यावर हालचाल चपळ होते. हे जास्त केले की माणसे बाहुल्यांसारखी फडफडतात. कपड्याच्या टोकांकडे पाहिले की लबाडी उघडी पडते. घाव जड वाटावा म्हणून कपड्यांवर भुकटी टाकतात. ठोसा बसताच ती उडते. जॅकी चॅन यांची आणखी एक युक्ती आहे. घाव दुरून दाखवायचा आणि मग जवळून दाखवताना आधीच्या काही चौकटी पुन्हा घ्यायच्या. डोळा त्या दोन घावांचा एकच, पण मोठा घाव करतो. आणि दोन झपाट्यांच्या मध्ये ते क्षणभर थांबतात. तो रंगभूमीवरचा जुना थांबाच होय.

म्हणून दुसरा चित्रपट त्यांचा 'पोलीस स्टोरी' (१९८५) असावा. त्यातील शेवटची लढत एका मोठ्या बाजारगृहात आहे आणि काचा इतक्या फुटतात की मोजता येत नाहीत. दिव्यांच्या माळांनी वेढलेल्या खांबावरून चॅन स्वतः खाली घसरतात. त्यांचे तळहात त्यात भाजले. चित्रपटात ती उडी लागोपाठ तीनदा, तीन कोनांतून दाखवली आहे. येथे आम्हांला टाळी वाजवताना अडखळायला होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटाच्या वेळी झाडावरून पडून त्यांच्या कवटीला गंभीर इजा झाली. आखाडा आणि नाटक या दोन्ही तालमी शरीर जपायलाही शिकवतात. बाजार मात्र धोक्याचीच किंमत देतो. ही कला पाहणाऱ्याने कौशल्य कोणते आणि नुसता धोका कोणता, हा विवेक ठेवला पाहिजे. छत्तिसाव्या दालनात कोणी उंचावरून पडत नाही, तरी आपण श्वास रोखतो. हे विसरू नये.

तिसरा 'कम ड्रिंक विथ मी', आणि सर्वांत शेवटी किंग हू यांचाच 'अ टच ऑफ झेन'. तो तीन तासांचा आहे आणि जवळजवळ पहिला तासभर त्यात लढाईच नाही. कान महोत्सवात १९७५ साली तो गौरवला गेला म्हणून पुष्कळ जण तेथूनच सुरुवात करतात आणि कंटाळतात. पण आधीचे तीन पाहून गेलात, तर बांबूच्या बनातील लढतीत झेप संपूर्ण कधीच दाखवलेली नाही, उड्डाण, मधला क्षण आणि उतरणे एवढेच तुकडे आहेत, हे तुमच्या ध्यानात येईल आणि उरलेले तुमचे डोळेच भरून काढतील.

दोन सावधगिरीच्या सूचना. जुन्या प्रतींत रुंद पडद्याच्या कडा कापलेल्या असतात. घाव बसला पण घाव खाणारा दिसत नाही असे झाले, तर दोष रचनाकाराचा नव्हे, प्रतीचा समजावा. आणि इंग्रजी बोल चढवलेल्या प्रतीऐवजी चिनी बोलांची, खाली भाषांतर असलेली प्रत घ्यावी. मूळचे आवाजही नंतरच भरलेले असतात, हे खरे. पण घावांचा ठेका तेथे मूळ लयीला धरून असतो. हा ठेका पारखायचा असेल तर एखाद्या लढतीचे एक मिनिट आवाज बंद करून पाहावे आणि दोन तुकड्यांच्या जोडामध्ये किती घाव झाले ते मोजावे. चार-पाच मोजता आले, तर नटांना विद्या येते. प्रत्येक घावाला जोड आला आणि कॅमेरा थरथरू लागला, तर पुष्कळदा काही तरी झाकलेले असते.

छत्तिसावे दालन कोणते, ते अजून सांगायचे राहिले. पस्तीस दालने पार केल्यावर नायकाला त्यांतील कोणत्याही एकाचे आचार्यपद देऊ करतात. तो म्हणतो, मला नवे दालन हवे, ज्यात मठाबाहेरच्या सामान्य माणसाला शिकवता येईल. मठातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. ज्या विद्येचे आखाडे आणि नाट्यशाळा एकेक करून ओस पडल्या, ती विद्या अखेर मठाबाहेरच्या माणसांसमोर, पडद्यावर टिकली. ते दालन उघडे आहे. आत जाताना पाय हलका टाकावा, एवढेच.