जन्मवेळेची शुद्धि

पत्रिका मांडतांना ज्योतिषी तारखेपेक्षां वेळेची अधिक चौकशी करितो, याचें कारण आकाशाच्या गतींत आहे. पूर्वक्षितिजावर सुमारें दर चार मिनिटांस राशिचक्राचा एक अंश उगवतो, व साधारणतः दोन तासांत रास पालटते. जन्मसमयीं जी रास उगवत असेल तें लग्न. बाराही स्थानें त्यावरून ठरतात. चंद्राला एक नक्षत्र ओलांडावयास सुमारें एक दिवस लागतो. परंतु विंशोत्तरी पद्धतींत त्या एका दिवसावर नक्षत्रस्वामीची सबंध महादशा पसरलेली असते. शुक्राची महादशा २० वर्षांची. म्हणून शुक्राच्या नक्षत्रावर जन्म असल्यास एका मिनिटाच्या चुकीनें पुढील सर्व दशांच्या तारखा पांच दिवसांनीं सरकतात.

चूक नेहमीं निष्काळजीपणानेंच होते असें नाहीं. १९०६ सालीं हिंदुस्थानांत प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईंत जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालू राहिली. ती प्रमाणवेळेच्या सुमारें ३९ मिनिटें मागें असे. त्या काळच्या मुंबईकराच्या टिपणांत वेळ अचूक लिहिलेली असली, तरी ती कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न उरतोच.

उदाहरणादाखल अशी एक पत्रिका घेऊं. १९३८ सालीं कोजागिरी उलटल्यावर थोड्याच दिवसांनीं मुंबईंत एक कन्या जन्मली. टिपणांत वेळ सायंकाळीं ६ वाजून १० मिनिटें. चंद्र भरणी नक्षत्रांत, म्हणजे शुक्राच्या. वेळ प्रमाणवेळ मानल्यास मीन लग्नाचा शेवट येतो, आणि जन्मकाळीं शुक्रदशेचीं साडेसात वर्षें उरतात. मुंबई वेळ मानल्यास जन्म ३९ मिनिटें उशिराचा ठरून मेष लग्नाचा आरंभ येतो, व दशा साडेसहा महिने अलीकडे सरकतात. लग्नें दोन, दशांचीं वेळापत्रकें दोन. यांतील खरें कोणतें, हें आतां आयुष्यांतील घटनांनीं सांगावयाचें.

घटना अशी निवडावी कीं, जिची तारीख निर्विवाद असेल. या बाईंचा विवाह डिसेंबर १९५९ मध्यें झाला. सप्तम स्थान विवाहाचें; मेष लग्नाला सप्तमेश शुक्र, मीन लग्नाला बुध. दोन्ही गणितांनीं त्या वेळीं महादशा चंद्राचीच होती. पण अंतर्दशा भिन्न. मुंबई वेळेप्रमाणें ऑगस्ट १९५९ च्या सुमारास शुक्राची अंतर्दशा लागली होती, म्हणजे सप्तमेशाचीच. प्रमाणवेळेप्रमाणें बुधाची अंतर्दशा जुलैंतच संपून केतूची चालू होती. शास्त्राच्या नियमानें हा कौल मुंबई वेळेकडे जातो.

पुढें जून १९६१ मध्यें पुत्र झाला. पंचम स्थान संततीचें. मेष लग्नाला पंचमेश रवि, आणि मुंबई वेळेनें त्या वेळीं अंतर्दशा रवीचीच होती. हा दुसरा पुरावा म्हणून कोणी आनंदेल. परंतु मीन लग्नाला पंचमेश चंद्र, आणि महादशा तर चंद्राचीच! दोन्ही पक्षांना जी घटना जुळते, तिनें कांहींच ठरत नाहीं. शुद्धीचें काम बिघडतें तें येथेंच. स्थानें बारा, ग्रह नऊ, प्रत्येकाचें स्वामित्व, दृष्टि व कारकत्व. इतक्या किल्ल्या हातीं असल्यावर कोणतेंही कुलूप कोणत्या ना कोणत्या किल्लीनें उघडतेंच. म्हणून विवाहासाठीं कोणता नियम लावावयाचा, हें तारीख पाहण्यापूर्वीं ठरवावें, आणि एक-दोन घटना पडताळ्यासाठीं बाजूस ठेवाव्या. अयनांशही आधींच निश्चित असावा. कारण चित्रापक्ष व रेवतीपक्ष यांच्यांत सुमारें चार अंशांचा फरक आहे, आणि तेवढ्यानें शुक्राची दशा सहा वर्षांनीं सरकते. निकाल लागेना म्हणून मध्येंच अयनांश बदलणें म्हणजे शुद्धि नव्हे.

सर्वांत चांगला पडताळा पत्रिकेबाहेरचा असतो. ऑक्टोबरच्या त्या दिवसांत मुंबईंत सूर्य प्रमाणवेळेनें ६ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास मावळतो. टिपणांतील वेळ प्रमाणवेळ असेल, तर बाळ जन्मलें तेव्हां दिवस मावळावयाचा होता. मुंबई वेळ असेल, तर मावळून अर्धा तास उलटून गेला होता. म्हणून दशेचें गणित मांडण्यापूर्वीं घरांतील वृद्ध स्त्रियांना एवढेंच विचारावें, कीं बाळाचें पहिलें रडणें ऐकूं आलें तेव्हां देवापुढें दिवा लागला होता काय? त्यांचें उत्तर आणि विवाहाची साक्ष एकाच वेळेकडे बोट दाखवीत असतील, तर ती वेळ पत्रिकेवर लिहावी. दोहोंत विरोध आला, तर दिव्याचें ऐकावें, आणि वेळ संशयित आहे अशी नोंद पत्रिकेच्या माथ्यावरच करून ठेवावी; म्हणजे पुढें मुहूर्त किंवा गुणमेलन पाहणारा फसणार नाहीं.