प्रभागाच्या आकड्यात दडलेली वस्ती

सातारा किंवा सांगली शहरातील वस्ती जातीनुसार किती विभागली आहे हे पाहण्यासाठी विद्यार्थी 2011च्या जनगणनेतील प्रभागवार आकडे घेऊन भिन्नता निर्देशांक काढतात. एक कल्पित शहर घेऊ. त्याच्या तीन प्रभागांत अनुसूचित जातींचे 100, 200 आणि 700 लोक आहेत; इतर 3600, 3600 आणि 1800. पहिल्यांचे वाटे 10, 20, 70 टक्के; दुसऱ्यांचे 40, 40, 20. अधिक-उणे न पाहता फरक 30, 20, 50. बेरीज 100, तिचे निम्मे 50. म्हणजे सर्व प्रभागांत प्रमाण सारखे होण्यास पहिल्यांपैकी निम्म्यांना प्रभाग बदलावा लागेल.

परंतु तिसऱ्या प्रभागातील ते 700 जण ओढ्यापलीकडील एकाच वस्तीत राहत असतील तर? ती वस्ती वेगळी मांडताच फरक 30, 20, 70, 20 होतात आणि निर्देशांक 70 वर जातो. एकही बिऱ्हाड हललेले नसते! प्रभागांच्या सीमा निवडणुकीसाठी आखलेल्या असतात. त्यांना गल्लीतली भिंत दिसत नाही. उलट, अगदी लहान गट घेतले तर केवळ योगायोगानेही आकडा फुगतो. म्हणून साताऱ्याची तुलना सांगलीशी करावयाची, तर दोन्हीकडचे प्रभाग लोकसंख्येने साधारण सारखे आहेत काय, हे आधी तपासावे लागते.