रेघ आधी, अक्षर मागून
(शारदीय व्याख्यानमालेत अकोला येथे दिलेले व्याख्यान)



लकव्याने ज्याचा हात गेला त्या माणसाला पुन्हा भात कालवता यावा, सदऱ्याची गुंडी लावता यावी, कागदावर आपले नाव लिहिता यावे, यासाठी जी विद्या खर्ची पडते तिला व्यवसायोपचार म्हणतात. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी तिची पाठशाळा सुरू केली आणि तेथून ती आपल्या प्रांतात पसरली. आज त्या विद्येचे शास्त्र न मांडता मी आपल्याला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यातील गृहस्थांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव तर सांगतच नाही, फक्त त्याचे पहिले अक्षर ‘म’ होते एवढे ध्यानात असू द्यावे.

हे गृहस्थ अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे सेवानिवृत्त तलाठी होते. फेरफार नोंदवण्यात, पंचनामे लिहिण्यात आणि ज्यांना सही येत नाही अशा कास्तकारांचा अंगठा शाईत बुडवून दस्तऐवजावर उमटवून घेण्यात ज्यांची उभी नोकरी गेली, त्यांच्याच मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा एके पहाटे तुटला, आणि उजवा हात व बहुतेक सारे शब्द एकदमच त्यांच्या ताब्यातून गेले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावयाचा होता. मुलाने सोय म्हणून शाईची डबी आणली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताची मूठ घट्ट मिटली, ती कोणालाही उघडता आली नाही. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “बाई, यायले समजते सारं, पन शब्द निंगत नाही. अंगठा लावाले तयारच नाहीत.”

सही गेली म्हणजे नेमके काय गेले, हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. कारण अक्षरांचे ज्ञान, ती ओळीने काढण्याची मेंदूतील योजना, आणि ती योजना अमलात आणणारे स्नायू ही तिन्ही स्वतंत्र असून त्यांपैकी कोणतेही एक बिघडले तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच, कोरा कागद. म्हणून मी प्रथम त्यांच्यासमोर अक्षरांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मिसळून ठेवल्या. त्यांनी डाव्या हाताने आपले नाव बिनचूक जुळवले. अक्षरज्ञान शाबूत होते. मग डाव्या हातात पेन्सिल दिली. तेव्हा ‘म’ वाकडा का होईना उमटला, पण त्यापुढे दुसरे अक्षर न येता पुन्हा ‘म’, आणि पुन्हा ‘म’ असाच येत राहिला. डाव्या हाताला तर लकवा नव्हता. तेव्हा ही पुनरुक्ती दुर्बलतेची नसून योजनेतील दोषाची होती, आणि निव्वळ उजव्या हाताच्या व्यायामाने ती कधीच गेली नसती.

तरी हाताचेही काम होतेच. घरच्यांनी मोठ्या आस्थेने त्यांना रबरी चेंडू दाबायला दिला होता. परंतु लकव्यानंतर बोटे आधीच आत वळू पाहतात, आणि लिहिणाऱ्याला मूठ आवळण्याहून ती हलकेच उघडण्याची गरज अधिक असते. म्हणून चेंडू बाजूला ठेवून मी त्यांना पाय जमिनीवर टेकवून, पाठ सरळ ठेवून, कोपराच्या उंचीच्या मेजाशी बसवले, उजवा तळवा मेजावर पसरून त्यावर शरीराचा भार घेण्यास शिकवले, आणि मग घरातीलच बोंडे आणून त्यांतला कापूस अंगठा व दोन बोटांच्या चिमटीत वेचण्यास सांगितले, कारण लेखणी धरते ती हीच चिमटी, आणि वेचलेला कापूस ढिगावर सोडताना बोटांना उघडावेही लागते. पहिली अक्षरे परातीत पसरलेल्या ज्वारीत बोटाने काढली, नंतर भिंतीवर उभ्या टांगलेल्या पाटीवर खडूने, कारण उभ्या पृष्ठावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळते. शेवटी पेनाला चिंध्या गुंडाळून ते जाड केले आणि कागद घेतला. येथे दाब अतोनात पडू लागला, टोक कागदात रुतू लागले. तेव्हा कागदाखाली एकाआड एक कार्बन आणि कागद ठेवून मी त्यांना सांगितले की, तिसऱ्या प्रतीवर अक्षर उमटता कामा नये. कार्बनच्या प्रती काढण्यात जन्म गेलेल्या माणसाला ही परीक्षा समजावून सांगावी लागली नाही.

पुनरुक्तीवरचा इलाज निराळा होता. एक अक्षर पाहायचे, झाकायचे, लिहायचे; ते झाले की हात मांडीवर ठेवून क्षणभर थांबायचे, पुढची पट्टी पाहायची आणि मगच पुन्हा लेखणी उचलायची. अक्षर आणि अक्षर यांमधील हा विराम मागच्या हालचालीची ओढ तोडतो. बैठक मात्र दहा-पंधरा मिनिटांचीच; थकल्यावर तीच चूक हाताच्या सवयीची होते. तरीही त्यांची ओळ उतरंडीला लागे, आणि तिसऱ्या अक्षराशी येऊन ते पुनःपुन्हा अडत.

एके दिवशी असेच अडले असता त्यांनी माझी आखणीची पट्टी स्वतःकडे ओढली, कागदावर आडवी रेघ मारली, तीवर बोट ठेवले, आणि बराच प्रयास करून म्हणाले, “मोडी… रेघ पयले.” दफ्तरखान्यातील जुने मोडी कागद त्यांनी हाताळले होते, आणि मोडी लिहिताना शिरोरेषा आधी ओढून अक्षरे तिच्याखाली मांडीत असत, हे त्यांना ठाऊक होते. बालबोधीत आपण अक्षरे काढून मग रेघ ओढतो. मी त्यांच्या रेघेवर प्रत्येक अक्षरासाठी एक बारीक खूण केली. आता ओळ घसरण्यास जागा उरली नाही, आणि चार खुणांपैकी किती भरल्या हे डोळ्यांना दिसत असल्याने तेच अक्षर दुसऱ्यांदा येणेही कमी होत गेले. पुढे खुणा पुसट केल्या, मग काढल्या. रेघ मात्र शेवटपर्यंत त्यांनी आधीच ओढली.

दाखल्यावर त्यांनी सही केली ती पूर्वीची नव्हती. एका झटक्यात निघणारी तलाठ्याची लपेटदार सही कायमची गेली. तिच्या जागी सुटी, जाड, सावकाश लिहिलेली चार अक्षरे आली, आणि बँकेत नमुन्याची सही नव्याने द्यावी लागली. ‘म’ची डावीकडील गाठ बोटांचे बारीक वळण मागते, ती कधीच नीट सुटली नाही. अशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण एकदम थांबत नाही. मात्र काहींच्या बाबतीत अक्षरज्ञानच लोपलेले असते, काहींचा हात उघडतच नाही, आणि हात उघडत नसेल तेव्हा डाव्या हाताला शिकवणे हाच प्रामाणिक मार्ग असतो.

अंगठा कायद्याला मान्य आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु तो ज्याचा त्याने निवडावा. म्हणून आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग ओढवला, तर शाईची डबी पुढे करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्या: पट्ट्यांतून नाव जुळवता येते का, डाव्या हाताने अक्षरामागून अक्षर निघते का, आणि उजवी मूठ उघडते का. या तिन्ही उत्तरांवरून उपचार कोठे सुरू करावा हे ठरते, आणि ही उत्तरे घरच्या माणसांनाही मिळवता येतात.