शंभर कप कॉफीचं गणित



आमचा बचत गट गडहिंग्लजकडचा. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे लग्नाकार्यात तिकडची पाहुणेमंडळी आली की चहाबरोबर फिल्टर कॉफीची मागणी हमखास होते. चहा-नाश्त्याची कामं आम्ही घेतो. आज त्यातल्या कॉफीबद्दलच बोलणार आहोत, कारण शंभर कपांच्या पहिल्याच कामात आमची फजिती झाली होती.

तेव्हा काय झालं ते आधी सांगतो. एका कपाला तीस मिली डिकॉक्शन, म्हणजे शंभर कपांना तीन लिटर, इथपर्यंत आमचा हिशेब बरोबर होता. म्हणून सहाशे ग्रॅम पावडरीवर आम्ही तीन लिटरच पाणी ओतलं. खाली उतरलं जेमतेम पावणेदोन लिटर! बाकीचं पाणी पावडरीनं पिऊन टाकलं होतं. पाहुणे दारात आलेले. घाबरून आम्ही तो चोथा पातेल्यात घेतला, पाणी घालून खळाखळा उकळला आणि ते पाणी चांगल्या डिकॉक्शनमध्ये मिसळलं. सगळी कॉफी कडू झाली. कप अर्धे भरलेले परत आले आणि ठरलेल्या पैशांतले काही आम्हालाच सोडावे लागले.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. कॉफीची पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. सहाशे ग्रॅम पावडर एक लिटर दोनशे मिली पाणी धरते. तेव्हा जेवढं डिकॉक्शन हवं, तेवढं पाणी अधिक पावडरीच्या दुप्पट पाणी, असं ओतायचं. शंभर कपांना तीन लिटर अधिक एक लिटर दोनशे, म्हणजे चार लिटर दोनशे मिली. आमचं पाणी सुरुवातीलाच तेवढं कमी होतं. ते कमी पडल्यावरही घाबरायचं कारण नव्हतं. राहिलेलं गरम पाणी त्याच पावडरीवर वरून सावकाश ओतलं असतं, तर काम निभावलं असतं.

आता प्रमाण दहा कपांच्या मापात सांगतो, म्हणजे लिहून घ्यायला सोपं जाईल. दहा कपांना साठ ग्रॅम पावडर, चारशे वीस मिली पाणी, त्यातून उतरेल तीनशे मिली डिकॉक्शन. त्यात नऊशे मिली उकळलेलं दूध. म्हणजे एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध. साखर सत्तर ग्रॅमच्या आसपास. शंभर कपांना हेच दहापट करायचं. पावडर दोनशे ग्रॅमच्या तीन पाकिटांची होते, वजनकाट्याचीही गरज नाही. दूध मात्र नऊऐवजी दहा लिटर घ्यावं, कारण उकळताना ते आटतं आणि पातेल्याला, सायीला थोडं जातं.

हे प्रमाण १२० मिलीच्या कपाचं आहे. म्हणून ज्या कपात द्यायची, तो आधी पाण्यानं मोजून बघा. कप मोठा निघाला तर हिशेब तिथेच चुकतो.

पाकीट घेताना कॉफी किती आणि चिकोरी किती, ते वाचा. मिश्र पावडरीवर हे प्रमाण छापलेलं असतं. चिकोरीनं रंग गडद येतो आणि डिकॉक्शन दाट दिसतं, पण कॉफीचा कडकपणा त्यातून येत नाही. म्हणून रंगावर जाऊ नका. आम्ही सत्तर-ऐंशी टक्के कॉफी असलेली पावडर घेतो, वरचं प्रमाण तिचंच आहे. आणि हो, पावडर फिल्टर कॉफीचीच हवी. गरम दुधात विरघळणारी पावडर वेगळी, तिला हे गणित लागू नाही.

घरच्या फिल्टरमध्ये सहाशे ग्रॅम मावत नाही. आम्ही स्वच्छ, खळ काढलेलं पांढरं सुती फडकं वापरतो. साबणाचा वास राहिला तर तो कॉफीत उतरतो, म्हणून ते आधी नुसत्या गरम पाण्यातून काढतो. दोन पातेली घेऊन प्रत्येकाच्या तोंडावर फडकं थोडं सैल, खोलगट बांधायचं आणि प्रत्येकात तीनशे ग्रॅम पावडर घालायची. सगळी पावडर एकाच फडक्यात घातली की थर जाड होतो आणि पाणी अडकतं. पावडर हातानं नुसती सारखी करा, दाबू नका.

पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबा. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी ओगराळ्यानं सगळीकडे फिरवून घाला. दोन-तीन मिनिटांत ती फुगते. मग उरलेलं पाणी तीन-चार वेळा करून ओता आणि वर झाकण ठेवा. तासाभराच्या आत डिकॉक्शन उतरतं.

पाणी पाच मिनिटांतच सरसर खाली गेलं, तर पावडर जाड आहे किंवा पाणी एका कडेनं वाट काढतंय. असं डिकॉक्शन पातळ लागतं. ते परत एकदा त्याच पावडरीवरून सावकाश ओतलं तर थोडं सुधारतं. उलट तास उलटला तरी वर पाणी साचलेलं असेल, तर पावडर फार बारीक आहे किंवा दाबली गेली आहे. तेव्हा चमच्यानं वरचा थर हलकेच मोकळा करा. फडकं पिळायचा मोह मात्र होऊ देऊ नका. पिळलं की गाळ उतरतो आणि कडवटपणाही येतो.

शंभर कपांत हात घालण्याआधी एक कप करून बघा. दोन चमचे डिकॉक्शन, सहा चमचे गरम दूध, थोडी साखर. फिकी वाटली तर दूध कमी करा, फार कडक वाटली तर वाढवा. चूक इथेच सुधारते.

उतरलेलं डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, वास उडतो आणि ते कडू होतं. गरम ठेवायचं असेल तर पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा. दूध बारीक आचेवर राहू द्या. सगळी कॉफी एकदम मिसळून ठेवण्याऐवजी दहा-दहा कपांची जगमध्ये मिसळा. पाहुणे कमी आले तर दूध आणि डिकॉक्शन वेगवेगळं उरतं, वाया जात नाही.

चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी घातलं तर पातळ डिकॉक्शन मिळतं. ते काम आटोपल्यावर आपल्या घोटभर कॉफीला चालतं. पाहुण्यांच्या पातेल्यात ते जाऊ देऊ नका.

त्यानंतर त्याच वाड्यावर बारशाचं काम आम्हाला मिळालं. या वेळी चार लिटर दोनशे मिली पाणी मोजून घेतलं होतं. कप रिकामे परत आले आणि पैसे ठरल्याप्रमाणे पूर्ण मिळाले.